दुकानात चालणारा दुसरा गेम घरी गायब का होतो? वापरलेल्या कोडच्या जुन्या डिस्क कशा तपासायच्या

मागच्या महिन्यात माझा भाचा संध्याकाळी नागपूरच्या महाल भागातून थेट माझ्याकडे आला. हातात पीएस5 च्या गेमचा एक बॉक्स होता आणि तोंड एवढंसं झालं होतं. "मामा, फसवलं बे त्यांनी. दुकानात दोन गेम दिसत होते, घरी एकच दिसतो."

त्याने सीताबर्डीतल्या एका दुकानातून जुना ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस’ घेतला होता, तोही अल्टिमेट एडिशन. किंमत 2,600 रुपये. त्याच दुकानात त्याच गेमची साधी आवृत्ती 1,900 ला होती. त्याने 700 रुपये जास्त दिले, कारण अल्टिमेटच्या कव्हरवर ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन रीमास्टर्ड’ही सोबत मिळेल असं छापलेलं होतं. शिवाय दुकानदाराने स्वतःच्या पीएस5 वर दोन्ही गेम उघडून दाखवले होते. पोरगा डोळ्यांनी पाहून आला होता, त्यामुळे त्याचा राग मला पूर्ण समजत होता.

तरीही दुकानदार खोटं बोलला असं मला वाटत नाही. गेल्या काही वर्षांत असाच प्रकार माझ्या ओळखीत चार-पाच जणांसोबत झाला. दरवेळी घोळ एकाच ठिकाणी होता, म्हणून या वेळी सगळं नीट लिहून ठेवतो आहे.

मूळ गोष्ट: डिस्कमध्ये काय आहे आणि खात्यात काय आहे

अल्टिमेट एडिशनच्या बॉक्समध्ये डिस्क एकच असते आणि त्या डिस्कवर फक्त माइल्स मोरालेस असतो. रीमास्टर्ड हा दुसरा, पूर्ण वेगळा गेम. तो डिस्कवर नाहीच. त्याच्यासाठी बॉक्समध्ये एक कागद असतो, त्यावर बारा अक्षरांचा कोड छापलेला असतो. पहिल्या मालकाने तो कोड प्लेस्टेशन स्टोअरमध्ये टाकला की रीमास्टर्ड त्याच्या खात्यावर कायमचा चढतो. नंतर त्याने डिस्क विकली, बॉक्स विकला, कागदसुद्धा दिला, तरी गेम त्याच्याच खात्यात राहतो. डिस्क हात बदलते. कोडने मिळालेला परवाना हात बदलत नाही.

म्हणजे कोड वापरून झालेली अल्टिमेट एडिशन ही कव्हर सोडलं तर साधी आवृत्तीच आहे. भारतात नवीन असताना साधी 3,999 ला आणि अल्टिमेट 4,999 ला होती. तो हजाराचा फरक म्हणजे त्या कागदाची किंमत. कागद वाया गेला की दोन्ही बॉक्स एकाच भावाचे.

हा प्रकार नवा नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 2010 मध्ये आपल्या खेळांच्या गेममध्ये ऑनलाइन पास आणला. नवीन डिस्कसोबत कोड मिळायचा, आणि जुनी डिस्क घेणाऱ्याला ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे मोजावे लागायचे. 2011 मध्ये आलेल्या ‘बॅटमॅन: आर्कहॅम सिटी’त तर कॅटवूमनचे प्रसंगच कोडमागे होते. गोष्ट कुठेही तुटत नाही, गेम शेवटापर्यंत नीट चालतो, फक्त कॅटवूमन म्हणून खेळायचे भाग येत नाहीत. म्हणूनच असं काही कमी आहे हे जुनी डिस्क घेणाऱ्याच्या कधी लक्षातच यायचं नाही. गेम अडला असता तर त्याला लगेच कळलं असतं.

मग दुकानात दोन्ही गेम का चालले?

हा भाग नीट समजून घ्या, कारण फसगत नेमकी इथेच होते.

पीएस5 मध्ये ‘Console Sharing and Offline Play’ नावाची सेटिंग असते. पीएस4 वर हेच ‘Activate as Your Primary PS4’ या नावाने आहे. एखाद्या खात्यासाठी ही सेटिंग चालू असेल, तर त्या खात्यावर घेतलेले सगळे डिजिटल गेम आणि ॲड-ऑन त्या मशीनवरच्या प्रत्येक युजरला चालतात. घरात हे चांगलंच आहे. दादाने घेतलेला गेम धाकट्याला त्याच्या युजरवर खेळता येतो.

पण दुकानाच्या मशीनवर याचा अर्थ वेगळा होतो. दुकानदाराने कधीतरी नवीन अल्टिमेट बॉक्स फोडून कोड दुकानाच्या खात्यावर टाकलेला असतो. त्यानंतर त्या मशीनवर रीमास्टर्ड नेहमीच दिसणार, कुठलीही डिस्क घाला किंवा काहीच घालू नका. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, दोन्ही चालवून दाखवा." दुकानदार दोन्ही चालवून दाखवतो. दोघांचाही समज होतो की हे सगळं आत घातलेल्या डिस्कमुळे चाललं. तिथे नवीन युजर बनवून पाहिलं तरी तेच दिसेल, कारण परवाना त्या मशीनवरच्या सगळ्यांना मिळतो. त्यामुळे ‘दुकानात चालवून बघितलं’ हा डिस्क वाचली जाते याचा पुरावा आहे, बॉक्ससोबत काय मिळतं याचा नाही.

यावर एक सोपी चाचणी आहे, दहा सेकंदांची. दुकानदाराला सांगा, डिस्क बाहेर काढा आणि मग दुसरा गेम उघडून दाखवा. माइल्स मोरालेस उघडला तर मशीन लगेच डिस्क मागेल. रीमास्टर्ड डिस्कशिवाय सरळ सुरू झाला, तर तो मशीनवरच्या खात्यातून चालतो आहे आणि तुमच्यासोबत घरी येणार नाही. दोन वेगवेगळे गेम एकाच बॉक्समध्ये असतील तेव्हा ही चाचणी पक्की आहे.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. 2016 च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: इन्फिनिट वॉरफेअर’च्या लेगसी एडिशनमध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर रीमास्टर्ड’ कोडने मिळायचा, पण तो खेळताना इन्फिनिट वॉरफेअरची डिस्क मशीनमध्ये असावीच लागायची. म्हणजे पहिल्या मालकाने डिस्क विकली की त्याचा गेम बंद, आणि विकत घेणाऱ्याकडे डिस्क आहे पण कोड नाही, म्हणून त्यालाही गेम नाही. असा बॉक्स जुना घ्यायचा असेल तर फक्त इन्फिनिट वॉरफेअरचे पैसे द्या.

भाच्याच्या बॉक्सची तपासणी आम्ही कशी केली

चहा ठेवला आणि बसलो. आधी डिस्क घातली. होम स्क्रीनवर एकच चौकोन आला, माइल्स मोरालेस. म्हणजे डिस्क चांगली आहे आणि वाचली जाते. हे आधी ठरवून टाकायचं, नाहीतर माणूस उगाच डिस्क पुसत बसतो.

मग प्लेस्टेशन स्टोअर उघडून ‘Marvel's Spider-Man Remastered’ शोधलं. पान उघडल्यावर मुख्य बटणाकडे बघायचं. तिथे किंमत दिसली तर तुमच्या खात्यावर परवाना नाही. ‘Download’ दिसलं तर परवाना आहे, फक्त गेम उतरवायचा राहिला आहे. भाच्याला किंमत दिसली. खात्री म्हणून ‘Game Library’ मधल्या ‘Your Collection’ मध्येही पाहिलं, कारण खात्यावरचं सगळं तिथे दिसतं, उतरवलेलं असो वा नसो. तिथेही रीमास्टर्ड नव्हता.

आता बॉक्समधला कागद. तो होता, मध्यात दुमडलेला, कोड छापलेल्या जागी कुणाच्या तरी बोटाचे डाग. स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांच्या मेनूत ‘Redeem Code’ असतं, तिथे तो टाकला. नाकारला. पुन्हा टाकला, या वेळी मी अक्षरं मोठ्याने वाचली आणि त्याने टाईप केली, कारण शून्य आणि ओ, एक आणि आय यांत हमखास गडबड होते. पुन्हा नाकारला.

कोड नाकारला म्हणजे तो वापरलेलाच असतो असं धरून चालू नका. आणखी दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे मुदत. बॉक्समधल्या पुष्कळ कागदांवर खाली बारीक अक्षरांत शेवटची तारीख असते, ती उलटली की कधीच न वापरलेला कोडसुद्धा मेला. दुसरं म्हणजे प्रदेश. अमेरिकेतल्या बॉक्समधला कोड भारतातल्या खात्यावर चढत नाही. दुकानात जाण्याआधी हे दोन्ही बघून घ्या, म्हणजे बोलणं नेमकं होतं. भाच्याच्या कागदावरची तारीख आणि प्रदेश आम्ही पाहिले, त्यात काही अडचण नव्हती. कोड वापरून झाला होता.

यानंतर त्याने विचारलं, "मग ‘Restore Licenses’ करून पाहू?" हे बटण पीएस5 वर ‘Settings’, मग ‘Users and Accounts’, मग ‘Other’ मध्ये मिळतं. पीएस4 वर ‘Account Management’ मध्ये. ते उपयोगाचं आहे, पण वेगळ्या दुखण्यावर. तुमच्याच खात्यावर घेतलेला गेम अचानक कुलपाच्या चिन्हासकट दिसायला लागला, मशीन रीसेट केलं होतं किंवा दादाने त्याचं खातं दुसऱ्या मशीनवर मुख्य केलं, तेव्हा या बटणाने किंवा ती सेटिंग परत चालू करून काम होतं. जो परवाना खात्यावर कधी आलाच नाही, तो या बटणाने येत नाही. तरी आम्ही दाबून पाहिलं, त्याचं समाधान व्हायला हवं होतं.

वेगळा गेम नसून ॲड-ऑन असेल तर

रीमास्टर्डचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं, कारण तो स्वतंत्र गेम आहे. गेमच्या आतला जास्तीचा भाग, नवा प्रदेश, नवी मिशनं, पोशाख, शस्त्रं असं काही असेल तर शोधणं कठीण जातं. बॉक्सवर ‘गेम ऑफ द इयर’ किंवा ‘कम्प्लीट’ लिहिलेलं असतं, पण आतला भाग डिस्कवर आहे की कागदावर, हे त्या शब्दांवरून कळत नाही. काही कंपन्या सगळं डिस्कवर देतात, काही डिस्क जुनीच ठेवून कोड टाकतात.

त्यासाठी बॉक्सची मागची बाजू वाचा, तीही सगळ्यात बारीक अक्षरांतली. ‘voucher’, ‘download code’, ‘one-time use’ किंवा ‘code expires’ यांपैकी काहीही दिसलं, की तेवढा भाग डिस्कवर नाही असं समजा. तिथे इंटरनेट लागेल असं नुसतं लिहिलं असेल तर त्यावरून काही ठरवू नका, कारण अपडेटसाठीही तसं लिहितात.

घरी आणल्यावर ज्या मशीनवर त्या गेमचा कुठलाही परवाना नाही अशा मशीनवर एकदा असं करून बघा. वायफाय बंद करा. डिस्क घालून गेम बसू द्या. आता गेम उघडून जास्तीचा भाग दिसतो का ते पाहा. दिसला तर तो डिस्कवर आहे, प्रश्न मिटला. नाही दिसला तरी घाई करू नका. वायफाय चालू करून अपडेट येऊ द्या आणि परत पाहा, कारण काही भाग कंपन्या नंतर सगळ्यांना फुकट अपडेटमधून देतात. अपडेटनंतरही नाही दिसला, तर तो परवान्याचा म्हणजे कोडचा भाग.

होम स्क्रीनवर गेमवर थांबून ‘Options’ बटण दाबलं की ‘Manage Game Content’ येतं. त्या यादीत काय बसलेलं आहे आणि काय उतरवायचं राहिलं आहे, ते दिसतं. बॉक्सवरच्या यादीतली एक-एक गोष्ट या यादीशी आणि गेमच्या पानावरच्या ‘Add-Ons’ शी जुळवायची. मी कागद-पेन घेऊन बसतो. बॉक्सवर चार गोष्टी छापल्या असतील तर चार ओळी लिहितो आणि प्रत्येकीपुढे ‘डिस्क’, ‘अपडेट’, ‘खातं’ किंवा ‘नाही’ लिहितो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि नंतर दुकानदाराशी बोलताना तोच कागद दाखवता येतो.

पोशाख आणि शस्त्रांसाठी मात्र जीव जाळू नका. प्री-ऑर्डरच्या कोडने मिळणारं सामान कित्येकदा गेम खेळता खेळता तसंही मिळतं. जुन्या डिस्कची किंमत ठरवताना मी त्याला शून्य धरतो. कथेचा एखादा प्रकरणभर भाग गेला असेल तर ते नुकसान खरं.

कमी असलेला भाग विकत घेताना: डिस्क कुठल्या देशाची आहे

कोड गेला, ठीक आहे, स्टोअरवरून तो भाग विकत घेऊ, असं पुष्कळ जण ठरवतात. माझ्या एका मित्राने, वर्धा रोडला राहतो तो, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ची जुनी डिस्क घेतली आणि ‘बर्निंग शोअर्स’ हा 2023 चा ॲड-ऑन भारतीय स्टोअरवरून पूर्ण पैसे देऊन घेतला. उतरला, बसला, पण गेम काही त्याला ओळखेना. गेमच्या नकाशात नवा प्रदेश नाही. त्याला वाटलं गेम खराब आहे. दोनदा सगळं पुसून पुन्हा बसवलं, रात्रभर डाउनलोड केलं.

त्याची डिस्क अमेरिकेची होती. प्लेस्टेशनवर ॲड-ऑन हा त्याच प्रदेशाच्या गेमला जोडला जातो. गेम कुठल्याही देशाचा असो, डिस्क भारतात चालते, त्यामुळे हा फरक एरवी जाणवतच नाही. ॲड-ऑन घेतल्यावरच तो पुढे येतो.

हे ओळखायला बॉक्सवरचं वयाचं चिन्ह पुरतं. चौकोनात 12, 16 किंवा 18 असा आकडा आणि खाली PEGI लिहिलेलं असेल तर डिस्क युरोपच्या गटातली, आणि भारताचं स्टोअर त्याच गटात येतं. मोठं इंग्रजी अक्षर T किंवा M आणि खाली ESRB असेल तर ती अमेरिकेची. आपल्याकडे दुबईहून, सिंगापूरहून, अमेरिकेहून आलेले लोक डिस्क आणतात आणि वापरून झाल्या की विकतात, त्यामुळे जुन्या बाजारात सगळ्या प्रकारच्या डिस्क एकाच रॅकवर मिसळलेल्या असतात. आशियातल्या डिस्कवर आणखी वेगळी चिन्हं असतात.

बॉक्स नसेल तर डिस्कवरच छापलेला क्रमांक बघा. पीएस4 च्या डिस्कवर CUSA आणि पाच आकडे, पीएस5 च्या डिस्कवर PPSA आणि पाच आकडे असतात. आता कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये स्टोअर उघडून त्या ॲड-ऑनचं पान काढा. पानाच्या पत्त्यात असा क्रमांक दिसतो:

```
EP####-PPSA#####_00-################
```

सुरुवातीची EP ही अक्षरं युरोप गटासाठी, UP अमेरिकेसाठी, HP आशियासाठी. मधला PPSA किंवा CUSA क्रमांक तुमच्या डिस्कवरच्या क्रमांकाशी जुळला तर बिनधास्त घ्या. नाही जुळला तर विकत घेण्याआधी थांबा. पुन्हा एक गोष्ट लक्षात असू द्या: रीमास्टर्डसारखा स्वतंत्र गेम डिस्कशी जोडलेला नसतो, त्यामुळे त्याला हा नियम आड येत नाही.

मित्राला पैसे परत मिळाले नाहीत. स्टोअरवर 14 दिवसांच्या आत परतफेड मागता येते, पण डाउनलोड सुरू झालं नसेल तरच. त्याचं तर दोनदा झालं होतं. म्हणून कुठलाही ॲड-ऑन घेतल्यावर लगेच उतरवायला लावू नका, आधी क्रमांक जुळवा.

ऑनलाइन चालत नाही, पण दोष कोडचा नाही

जुन्या पीएस3 च्या डिस्क अजूनही पन्नास-शंभर रुपयांना मिळतात, आणि त्यांच्या बॉक्सवर ऑनलाइन पासचा उल्लेख असतो. पोरं घाबरून घेत नाहीत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने हा पास मे 2013 मध्येच बंद केला, त्यामुळे त्यांच्या गेममध्ये त्या कोडची आता चिंता नाही. मात्र दुसरी अडचण आली. ‘बॅटलफील्ड 3’, ‘4’ आणि ‘हार्डलाइन’ यांचे पीएस3 आणि एक्सबॉक्स 360 वरचे सर्व्हर 7 नोव्हेंबर 2024 ला कायमचे बंद झाले. तिथे कोड असला काय, नसला काय, ऑनलाइन काहीच उरलेलं नाही. फक्त एकट्याने खेळायची कथा शिल्लक आहे, तेवढ्यासाठी घ्यायची तर घ्या.

पीएस4 आणि पीएस5 वर ऑनलाइन जाताना मशीन पैसे मागतं, तेव्हा ते बहुतेक वेळा ‘प्लेस्टेशन प्लस’ असतं. ते तुमच्या खात्याचं मासिक किंवा वार्षिक वर्गणीचं काम आहे, डिस्क नवी असती तरी लागलंच असतं. स्क्रीनवर कशाचं नाव आहे ते वाचा. गेमचं किंवा पासचं नाव असेल तर कोडचा प्रश्न, ‘PlayStation Plus’ असेल तर दुकानदाराशी भांडू नका.

एक्सबॉक्स 360 चं स्टोअर 29 जुलै 2024 ला बंद झालं. त्या मशीनसाठी जुनी डिस्क घेताना जो भाग डिस्कवर नाही, तो त्या स्टोअरवरून आता विकत घेता येत नाही. म्हणून तिथे ‘नंतर घेऊ’ हा विचार सोडून द्या आणि डिस्कवर जेवढं आहे तेवढ्याचेच पैसे द्या.

पैसे परत कसे मागायचे

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन उतरल्यावर मी भाच्याला घेऊन बर्डीत गेलो. आवाज चढवायचा नाही असं त्याला आधीच सांगितलं होतं. दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, एक मिनिट, तुमच्या मशीनमधली डिस्क काढता का?" त्याने काढली. "आता रीमास्टर्ड उघडा." उघडला. तो स्वतःच थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हा तर आमच्याच आयडीवर आहे नं. मला वाटे डिस्कवर आहे." त्याने मनाने 700 रुपये परत केले. आम्ही डिस्क ठेवून घेतली, कारण माइल्स मोरालेस 1,900 ला वाजवीच होता.

आम्ही एवढंच विचारलं की बिलावर ‘कोड वापरलेला’ असं लिहून द्याल का, आणि पुढे इतरांनाही द्याल का. दिलं त्याने. जुनी डिस्क घेताना हे दोन शब्द बिलावर मागून घ्या. लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल आणि कोड न वापरलेला आहे असं तोंडी सांगत असेल, तर साध्या आवृत्तीचाच भाव द्या. ओळखीच्या माणसाकडून घेत असाल तर त्याला त्याच्या फोनवरच्या प्लेस्टेशन ॲपमध्ये त्याचे गेम दाखवायला सांगा. तो भाग त्याच्याकडे असेल तर कोड संपलेला आहे, कागद कितीही कोरा दिसू दे.

न वापरलेला कोड आहे असं सांगून बॉक्स विकत असतील, तर पैसे देण्याआधी तिथेच फोनवर आपल्या खात्यात टाकून बघा. ब्राउझरमधून लॉग इन करूनही कोड टाकता येतो, मशीन जवळ असावं लागत नाही. पैसे देऊन घरी आल्यावर टाकलेला कोड नाकारला गेला, तर तो आधीच वापरलेला होता की तुम्हीच वापरलात, हे कुणालाही सिद्ध करता येत नाही.

काही जण सांगतात की दुसऱ्याचं खातंच दोनशे-तीनशेत घे, त्यात सगळं असतं. हे करू नका. ते खातं मूळ मालक पासवर्ड बदलून केव्हाही परत घेऊ शकतो, आणि प्लेस्टेशनच्या नियमांत खाती विकायला परवानगीच नाही, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. कोड तयार करून देतो म्हणणाऱ्या साइट तर फक्त तुमचा पासवर्ड घेतात.

रीमास्टर्ड 2023 पासून पीएस5 च्या स्टोअरवर वेगळा विकत मिळतो. भाच्याने तो विशलिस्टमध्ये टाकून ठेवला आहे, सेल लागली की फोनवर कळेल. परत मिळालेले सातशे त्याच्या आजीने एका पाकिटात घालून कपाटात ठेवले आहेत, आणि त्या पाकिटावर त्याने पेनाने लिहिलंय: डाउनलोडला पन्नास जीबीहून जास्त जागा लागेल, आधी रिकामी कर.